हेल काढून मारलेली हाक

सांगलीत वाचा-उपचाराचे काम करताना मला बाळाइतकेच त्याच्या घरच्यांचे बोलणेही कान देऊन ऐकावे लागते. तासगावकडून आलेल्या एका दहा महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत तर सारा उलगडा त्यातूनच झाला. हाक मारली तरी हा बघतच नाही, अशी आईची तक्रार होती. मात्र श्रवण तपासणीचा अहवाल व्यवस्थित होता आणि पाठीमागे खुळखुळा हलवताच बाळ मान वळवीत होते.

मी वडिलांना नेहमीसारखी हाक मारायला सांगितली. ‘बाळा, इकडे बघ, हसून दाखव, टाळी वाजव,’ असे ते एका सुरात, न थांबता म्हणत राहिले आणि बाळ झबल्याच्या नाडीशी खेळत राहिले. ‘मॅडम, लाडंलाडं बोललं की पोर बोबडंच राहतं, म्हणून घरात सगळ्यांना सरळ बोलायला सांगितलंय,’ असा त्यांनी खुलासा केला.

हा समज मला अनेक घरांत आढळतो आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. शब्द मोडून बोलणे वेगळे आणि पूर्ण, शुद्ध शब्द वरच्या पट्टीत, स्वर लांबवून, सावकाश हेल काढून बोलणे वेगळे. अ‍ॅन फर्नाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार महिन्यांची बाळे असे हेलाचे बोलणे ज्या बाजूने ऐकू येई, त्या बाजूला अधिक वेळा मान वळवत होती. चढता सूर बाळाचे लक्ष ओढून घेतो आणि लांबवलेल्या स्वरामुळे शब्द कानाला सुटा लागतो.

मी आजींना बाळाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसवले आणि एकच वाक्य बोलून गप्प राहायला सांगितले. ‘कोऽऽण आलंऽ?’ त्या म्हणाल्या. बाळाने नाडी सोडून वर पाहिले, पण आवाज काढला नाही. आई लगेच पुढचे बोलू लागणार होती. मी तिला हाताने थांबवले, कारण उत्तराची जुळवाजुळव करायला या वयात मोठ्यांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो आणि ती जागा आपणच भरून टाकली, तर बाळाची पाळी येतच नाही. आधी पाय हलले, मग ओठ उघडले आणि काही क्षणांनी ‘आऽऽ’ असा हुंकार आला. आजींनी तोच हुंकार त्याच सुरात परत केला, तेव्हा बाळ हसून पुन्हा बोलले.

नंतर वडिलांनीही तसेच केले. पहिल्या खेपेस ते घाईने पुढे बोलले. दुसऱ्या खेपेस थांबले आणि त्यांना हुंकार मिळाला.

तरीही हेलाला प्रतिसाद मिळाला म्हणून मी तक्रार निकाली काढली नाही. समोरचा चेहरा पाहूनही बाळ हसू शकते. म्हणून बाळाचे नाव पाठीमागून, चेहरा न दाखवता घ्यायचे, असे मी कागदावर लिहून दिले. महिन्याभराने पुन्हा बोलावले आहे. तेव्हाही नावाला प्रतिसाद मिळत नसेल किंवा वर्षाचे होईपर्यंत ‘टाटा’सारखे हातवारे दिसले नाहीत, तर बाळाच्या विकासाची सविस्तर तपासणी करावी लागेल, हेही घरच्यांना सांगून ठेवले आहे.