आमची वाटचाल : तळ्यातल्या माशांसाठी रात्रीची हवा

आमच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला पहिला सोलर एरेटर दिवसा चालायचा. आम्ही मूळचे सोलर पंप बसवणारे. इंदापूर भागात शेततळी वाढली, त्यात लोक रोहू-कटला, पंगस, रूपचंद सोडू लागले आणि पंपाच्याच गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली की पाण्यात हवा मारायचं काही यंत्र उन्हावर चालेल का. आम्हाला ते सोपं वाटलं. दोन पॅनल, एक मोटर, पाणी उडवणारं चाक आणि खाली तरंगायला प्लास्टिकचे फ्लोट, झालं काम. सकाळी नऊला चाक फिरायला लागायचं, पाणी पांढरंशुभ्र उडायचं. असे तीन एरेटर आम्ही विकले.

चौथ्या तळ्यावर एक मत्स्यपालन शिकलेला तरुण भेटला. त्याच्याकडे डीओ मीटर होता, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. दुपारी तीनला त्याने मीटरची दांडी पाण्यात सोडली आणि मला आकडा दाखवला. लीटरला १२ मिलिग्रॅम. तो म्हणाला, "काका, २८ अंशाचं पाणी हवेकडून जेमतेम पावणेआठपर्यंत ऑक्सिजन घेऊ शकतं. इथे शेवाळाने उन्हात बनवून बारावर नेलाय. आता तुमचं चाक फिरलं तर ते ऑक्सिजन पाण्यात घालणार नाही, असलेला बाहेर उडवणार." मी गप्प झालो. थोडा वेळ फिरवलं तर वरचं पाणी खाली जाऊन तळाला फायदा होतो, हे खरं. पण दिवसभर फिरवून आम्ही त्या तिघांच्या तळ्यातला ऑक्सिजन कमी करत होतो. तिन्ही यंत्रं परत आणली.

ज्या हिरव्या पाण्यात दिवसा ऑक्सिजन बनतो, तेच पाणी रात्री तो खातं. अंधार पडला की शेवाळाचं बनवणं थांबतं आणि श्वास चालूच राहतो. मासे खातात, तळाचा गाळ खातो. पहाटे पाच-सहाला सगळ्यात वाईट वेळ येते. तेव्हा मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. मरायची वेळ आली तर मोठे आधी जातात, म्हणजे ज्यांच्यावर वर्षभर खाद्य घातलं तेच. म्हणून यंत्राला बॅटरी लागणार हे नक्की झालं. किती लागणार, हे आम्ही चुकत चुकत शिकलो.

पहिलं बॅटरीचं काम एका आबांच्या तळ्यावर केलं. पाण्याचं क्षेत्र दहा गुंठे, प्लास्टिकचं अस्तर, साधारण एक टन मासा. एक एचपीची ४८ व्होल्टची मोटर आणि ट्युब्युलर बॅटऱ्या. बॅटऱ्या पावसात भिजू नयेत म्हणून आबांच्या घराच्या पडवीत ठेवल्या आणि तिथून तळ्यापर्यंत ५० मीटर केबल ओढली, ४ स्क्वेअर एमएमची. दुपारी चालवून पाहिलं. सगळं उत्तम.

नंतर ऑगस्टमध्ये एका ढगाळ दिवसानंतर पहाटे आबांचा फोन आला. "अहो, चाक बंद पडलंय आणि मासे वर आलेत." मी पोचलो तेव्हा कडेला पांढरी पोटं तरंगत होती. शेजाऱ्याचा डिझेल पंप लावून पाणी उडवलं म्हणून बाकीचे वाचले. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या सूनबाई घमेल्यात मासे गोळा करत होत्या, ते मला अजून दिसतं.

मला वाटलं बॅटरी संपली असेल. मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर ५० व्होल्ट, म्हणजे बरीच शिल्लक. आमच्या वायरमनने मोटर पुन्हा चालू केली आणि तळ्याच्या कडेला, मोटरच्या कंट्रोलरवर मीटर लावला. तिथे जेमतेम ४२ दाखवून कंट्रोलर बंद झाला. मोटर १६ अँपिअर ओढत होती. ५० मीटर जायला आणि ५० यायला अशा १०० मीटर बारीक तारेत सात-साडेसात व्होल्ट गळत होते. कंट्रोलरला वाटायचं बॅटरी रिकामी झाली, तो ४२ ला मोटर तोडायचा. आणि आम्ही चाचणी घेतली ती दुपारी, पॅनल चार्ज करत असताना, बॅटरीवर ५४ असताना. तेव्हा गळती झाकली गेली. चालायचं होतं रात्री आणि आम्ही पाहिलं दिवसा. त्या दिवसापासून केबल १६ स्क्वेअर एमएमची वापरतो, त्यात गळती दोन व्होल्टच्या आत राहते, आणि चाचणी रात्री पॅनल तोडूनच घेतो. आबांचं नुकसान आम्ही पुढच्या बोटुकलीचे, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटाएवढ्या पिल्लांचे, पैसे देऊन भरून दिलं.

मग मी डीओ मीटर विकत घेतला आणि आबांच्याच तळ्यावर रात्री काढल्या. तिथे जे समजलं त्यावर आमचा आजचा सगळा हिशेब उभा आहे. तो पूर्ण सांगतो, कारण कुणालाही आपल्या तळ्यावर करता येतो.

एरेटर बंद ठेवायचा. रात्री आठला एकदा आणि दहाला एकदा मोजायचं, तळ्यात आत, दोनेक फूट खोल. आबांच्या तळ्यावर उन्हाच्या दिवसानंतर आठला ८ आले, दहाला ७. म्हणजे तासाला अर्धा मिलिग्रॅम उतरतोय. चौकटीच्या कागदावर हे दोन ठिपके मांडून पट्टीने रेघ पुढे ओढली की ती पहाटे चारला ४ वर पोचते आणि सहाला ३ वर. रोहू-कटल्याला ४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही हा आमचा नेम. म्हणजे अशा रात्री चाक चारच्या आसपास चालू झालं तरी पुरतं. आम्ही बारा तास चालवायच्या हिशेबाने बॅटरी सांगत होतो आणि गरज होती दोन-अडीच तासांची.

ढगाळ दिवसानंतर मात्र रेघच खालून सुरू झाली. संध्याकाळी सहालाच ६. उतार तोच, अर्ध्याचा. रात्री दहाला ४ आणि चाक लावलं नाही तर सकाळपर्यंत शून्य. म्हणजे आठ तास चालवायला हवं. बॅटरी या रात्रीसाठी धरायची.

आता चाक केवढं? दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर, सरासरी दीड मीटर खोली, म्हणजे पंधरा लाख लीटर पाणी. तासाला लीटरमागे अर्धा मिलिग्रॅम म्हणजे तासाला ७५० ग्रॅम ऑक्सिजन. एक टन मासा त्यातला ३०० ग्रॅमच्या आसपास घेतो. उरलेला हिरवं पाणी आणि गाळ खातात, माशांपेक्षा जास्त! मासे मोजून एरेटर ठरवणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो.

चाकाच्या एरेटरचा पुस्तकी आकडा एका युनिट विजेला दोन किलो ऑक्सिजनच्या आसपास असतो. पण तो स्वच्छ, २० अंशांच्या आणि ऑक्सिजन शून्य असलेल्या पाण्यातला. आपल्या तळ्यात पाणी २८ अंश आणि आधीच ४ मिलिग्रॅम असतं, तिथे निम्म्याहून जरा कमीच मिळतं. मी युनिटला ९०० ग्रॅम धरतो. ७५० वॅट ओढणारी मोटर तासाला ७०० ग्रॅमच्या जवळ देते. हवे ७५०. आठ तासांत हा फरक साचला तरी सकाळी आकडा ४ च्या जागी पावणेचारच्या घरात येतो. तेवढं चालतं, म्हणून आबांची एक एचपीची मोटर आम्ही बदलली नाही.

आठ तास गुणिले ७५० वॅट म्हणजे ६ युनिट. लिथियम फॉस्फेटची बॅटरी ८० टक्के वापरायची धरली तर साडेसात युनिटची लागते. ५१.२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरचा पॅक बरोबर बसतो. ट्युब्युलर घ्यायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे १२ व्होल्ट १५० च्या आठ. आबांकडे आठच होत्या आणि दोन वर्षं त्यांनी नीट काम दिलं. पण पाणी भरायचा कंटाळा झाला आणि त्या उतरल्या. आता लिथियम आहे, तळ्याच्या बांधावर, सावलीतल्या हवेशीर पेटीत.

पॅनलचा हिशेब मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण ज्या दिवशी ऊन नाही त्याच दिवशी रात्री गरज जास्त. ५५० वॅटचे चार पॅनल लावले. चांगल्या उन्हात पाच तासांची पूर्ण ताकद धरून आणि उष्णता, तारा, बॅटरी यांची पाव भाग घट सोडून आठ युनिट येतात. दाट ढगात मुश्किलीने अडीच. पहिल्या ढगाळ दिवशी काही बिघडत नाही. आदल्या रात्री चाक थोडंच चाललेलं असतं, तेवढं भरून निघतं. त्या रात्री सहा युनिट जातात, तळाशी राखीव दीड उरतात. दुसऱ्या ढगाळ दिवशी अडीच येतात. राखीवाला हात न लावता तेवढ्यावर चाक सव्वातीन तास फिरतं. दहाला लावलेलं मध्यरात्रीनंतर सव्वाला थांबतं, आणि पुढचे पाच तास अंधार.

इथे सोलरची हद्द संपते आणि ती मी गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगतो. पॅनल दुप्पट केले तरी दुसऱ्या दिवसाला पाचच युनिट. म्हणून प्रत्येक सेटला आम्ही ३० अँपिअरचा विजेवरचा चार्जर देतो. शेतीची लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. पण अडीच तास जरी मिळाली तरी उरलेले साडेतीन युनिट भरतात. आणि सलग ढग दिसले की त्या दिवशी खाद्य बंद. पोट भरलेला मासा जास्त ऑक्सिजन घेतो आणि उरलेलं खाद्य तळाशी कुजून आणखी खातं. लाइटही नाही, ऊनही नाही, तर डिझेल पंप कडेला उभा हवाच.

आपोआप चालू होणारा सेन्सरही आम्ही लावून पाहिला. पाण्यात कायम बुडालेल्या सेन्सरवर आठवड्याभरात शेवाळाचा थर बसतो आणि तो खोटं सांगायला लागतो. एका तळ्यावर तो रात्रभर ५ दाखवत राहिला आणि हातातला मीटर ३ म्हणत होता. तेव्हापासून चाक टायमरवर ठेवतो आणि टायमरची वेळ मालकाने आठ-दहाच्या दोन आकड्यांवरून रोज लावायची. जमलं नाही तर दहाला चालू.

आता कुणाचाही फोन आला तर एचपी किंवा किंमत सांगण्याआधी मी मीटर घेऊन एक रात्र त्यांच्या तळ्यावर जातो. गेल्या महिन्यात भिगवणजवळ गेलो होतो. तिथे उतार तासाला पाऊणचा निघाला, पाणी काळपट हिरवं. त्यांना दीड एचपीचा सेट हवा होता. मी म्हटलं, दादा, आधी एक चतुर्थांश मासा बाजारात काढा, तळाचा गाळ उपसा, पंधरा दिवसांनी परत मोजू. परवा मोजलं, अर्ध्यावर आलाय. आबांचा एक एचपीचाच सेट त्यांनाही पुरेल, पुढच्या आठवड्यात बसवतोय.