मासे आत, हात आत

"टाकीच्या काचेवर हिरवं शेवाळ धरलंय. घासायचं तर मासे बाहेर काढायला हवेत का? आणि कशानं घासू म्हणजे त्यांना काही होणार नाही?"

मासे आतच राहू द्या. हे मी ठामपणे सांगते, कारण एकदा उलटं करून बसले आहे. साठ लिटरची टाकी होती, नऊ गप्पी होते. सगळे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, काचा लख्ख घासल्या, आणि हात लागलाच आहे तर म्हणून खालची वाळू आणि फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊन काढला. टाकी नवी दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले आणि आठवडा संपायच्या आत पाच गेले. साबणाचा थेंबही वापरला नव्हता, तरीही!

काच घासल्यामुळे ते गेले नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. तो पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत वस्ती करून असतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं मी ती वस्तीच धुऊन टाकली, मग अमोनिया साचत गेला. काचेवर त्यातले थोडेच जिवाणू असतात, त्यामुळे नुसती काच कितीही स्वच्छ केली तरी बिघडत नाही. तेव्हापासून काचेच्या दिवशी फिल्टरला हात लावत नाही. स्पंज दोन आठवड्यांनी, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, तेवढं पुरतं.

आता कशानं घासायचं, तर आधी नखानं खरवडून बघा. तपकिरी, धुळीसारखा थर असेल तर बोट फिरवताच निघतो. नव्या टाकीत हाच जास्त येतो, त्याला मऊ स्पंज भरपूर झाला. स्पंज नवा कोरा आणि फक्त टाकीसाठी राखलेला हवा. भांड्यांचा नको, कितीही धुतला तरी त्यात साबण मुरलेला असतो. काच पुसायचा फवारा तर टाकीच्या आसपासही मारू नका. पण गोल, गर्द हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके असतील आणि नखानं हलत नसतील, तर स्पंज घेऊन तासभर घासलंत तरी हातच दुखेल. बहुतेकांची तक्रार असते ती याच ठिपक्यांची. त्यांना पातं लागतं.

साधं दाढीचं नवं ब्लेड, लांब दांड्याला बसवलेलं. टाकी अॅक्रिलिकची असेल तर पात्याचा विचार सोडा, तिच्यावर लगेच चरे उठतात. तिथे जुनं प्लास्टिकचं कार्ड चालवायचं आणि वेळ द्यायचा.

काम सुरू करण्याआधी हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्यानं धुते, क्रीम किंवा साबणाचा वास राहता कामा नये. हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबते, कारण तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. फिल्टरही बंद करते, नाहीतर खरवडलेलं सगळं त्यात ओढलं जातं. पण अर्ध्या तासाच्या आत तो पुन्हा सुरू झालाच पाहिजे.

मग पातं काचेला तिरपं टेकवायचं. काटकोनात धरलं तर ते उड्या मारत जातं आणि ठिपक्याचं टोक तेवढं कापतं, बुड काचेवरच राहतं. बरंच तिरपं धरून, हलका दाब देऊन पुढे ढकललं की ठिपका अख्खा सुटतो आणि हाताला बारीकशी 'टच्च' जाणवते. तेच ऐकायचं. 'कर्र' आवाज आला तर थांबा, मध्ये वाळूचा कण आला आहे, आणि पुढचा फटकारा काचेवर कायमचा ओरखडा ओढेल. म्हणून वाळूच्या वर दोन बोटं अंतर सोडते. तिथलं शेवाळ कार्डानं काढते, वाळू जरा मागे सारून. चुंबकाच्या घासण्याचंही हेच. तो बुडाशी टेकला की कण चिकटवून वर आणतो, आणि आपल्याला कळतं ते उजेड तिरपा पडल्यावर. शिवाय तो टाकीत ठेवून देऊ नये, दोन्ही भाग एकदम जवळ येताना लहान मासा मध्ये सापडू शकतो.

कोपऱ्यात दोन काचा जिथे जुळतात तिथे आतून सिलिकॉनची पट्टी असते. तिला पातं लागू देऊ नका. टाकी त्या सिलिकॉनवरच उभी असते, आणि तिथला काप आज नाही तर वर्षानं गळतो. काम झालं की पातं बाहेर, पुसून कोरडं. ओलं ठेवलं तर गंजतं आणि पुढच्या वेळी खाचा पडलेल्या धारेनं काच घासली जाते.

मासे या सगळ्यात काय करतात? लांबच्या कोपऱ्यात झाडाआड जाऊन बसतात. म्हणून एका वेळी एकच काच, हात सावकाश, आणि ते ज्या कोपऱ्यात गेलेत तो शेवटी. काचेला चिकटून बसणारा मासा असेल तर त्याला पात्यानं हुसकायचं नाही, मोकळ्या हाताची सावली पडली की तो आपणहून सरकतो. मागची काच मी सहसा घासतच नाही. बाहेरून दिसत नाही, आणि गोगलगायींना खायला काहीतरी हवंच.

खरवडलेले तुकडे दहा मिनिटांत खाली बसतात. मासे चघळून बघतील, चघळू द्या. मग नळीनं ओढून चौथा हिस्सा पाणी काढायचं, साठ लिटरला पंधरा. म्हणजे शेवाळही निघतं आणि पाणीही बदलतं, वेगळा दिवस लागत नाही. नवं पाणी बादलीतच क्लोरीन मारणारं औषध घालून ठेवते आणि दोन्ही पाण्यांत हात बुडवून बघते. फरक जाणवला तर आणखी थांबते. ओततानाही धार वाटीवर सोडते, वाळू उसळत नाही. पाणी हीटरच्या खुणेवर आलं की मग हीटर.

एक प्रकार मात्र घासून संपत नाही. हिरवी, भुकटीसारखी साय, पुसली की काच साफ आणि तिसऱ्या दिवशी जशीच्या तशी. तिच्या पेशी पाण्यात पोहतात आणि पुन्हा काचेवर बसतात, म्हणजे पुसणं म्हणजे पेरणंच. ती मी तीन आठवडे हातही न लावता वाढू देते. थर जाड होऊन सुटायला लागला की एकदम खरवडते आणि लगेच पाणी बदलते. तोवर मासे धूसर दिसतात आणि पाहुणे नाक मुरडतात, त्याला इलाज नाही.

ठिपके पुन्हा येतातच, फक्त किती लवकर हे उजेडावर ठरतं. माझा दिवा दिवसाला दहा तास असायचा, टाइमर लावून सात तासांवर आणला आणि खिडकीचं थेट ऊन पडणार नाही अशी टाकी सरकवली. आधी दर आठवड्याला पातं काढावं लागे, आता महिन्यातून एकदा.