उजळणी पत्रिका: शेकडा नफा-तोटा, तिसरा खर्डा

पत्रिकेतल्या पाया, सराव आणि झेप या प्रश्नांच्या तीन गटांपैकी पाया गटाची गाठ सुटली! मागच्या खर्ड्यात पाया गटाची सगळी उत्तरं बरोबर येत होती, पण तीच मुलं सराव गटाच्या पहिल्याच प्रश्नावर अडत होती. दोष आकड्यांचा निघाला. पाया गटात प्रत्येक वस्तूची खरेदी किंमत १०० रुपये ठेवली होती. १०० ला घेतली, ११५ ला विकली, नफा १५ रुपये आणि शेकडा नफाही १५. म्हणजे मुलं नुसती वजाबाकी करत होती आणि शेकडेवारीला हातच लागत नव्हता.

आता १०० फक्त पहिल्या प्रश्नात. दुसऱ्यात चादर २०० ला घेतली, २३० ला विकली. उत्तर ३० आलं तर वजाबाकीवरच थांबलाय हे तिथल्या तिथे कळतं, १५ आलं की पुढे जाऊ द्यायचं. तिसऱ्यात खरेदी ५० ची. वाक्यं मुद्दाम आखूड ठेवलीत: ‘चादर २०० ला घेतली. २३० ला विकली.’ सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी बरीच मुलं असतात. ‘खरेदी किंमत’ हा शब्द त्यांना दुसऱ्या प्रश्नानंतर, कंसात ‘घेतली ती’ असं लिहून दिला की गणित भाषेत अडकत नाही.

सराव गटात खरेदी ४८०, विक्री ५४० होती, ती काढली. विक्रीवर शेकडा काढणाऱ्याला ११.११… असं वेडंवाकडं उत्तर येतं, तो बिचकून खोडतो आणि चूक कागदावर उरतच नाही. ४०० ला घेऊन ५०० ला विकली असं दिलं की बरोबर उत्तर २५ आणि चुकीच्या पायावरचं २०. दोन्ही सुबक, त्यामुळे २० दिसलं की नेमकं काय चुकलं ते लगेच कळतं.

झेप गटातला दोन चादरींचा प्रश्न मात्र तोच ठेवलाय, कारण तो फारच गोड आहे. दोन चादरी प्रत्येकी ६०० ला विकल्या, एकीवर शेकडा २० नफा, दुसरीवर शेकडा २० तोटा. मुलं ‘ना नफा ना तोटा’ लिहितात. खरेदी ५०० आणि ७५०, म्हणजे १२५० चा माल १२०० ला गेला, तोटा शेकडा ४. विक्रीची रक्कम बदलायची तर १२ च्या पटीतच घ्या, नाहीतर खरेदी पूर्णांकात येत नाही.

हे लिहिताना सुचलं: खाली आणखी एक ओळ द्यावी, ९९० ला विकून शेकडा १० चा नफा आणि तोटा. खरेदी ९०० आणि ११००, तोटा शेकडा १. मग ‘शेकडा ३० असेल तर?’ विचारायचं आणि ९ त्यांनाच शोधू द्यायचं. त्यासाठी झेप गटाचा तिसरा प्रश्न काढतोय.

छपाईबद्दल एकच. गट ओळखायला फिकी राखाडी छटा वापरू नका, झेरॉक्समध्ये ती एकतर उडते नाहीतर काळे डाग पडतात. कडेला एक, दोन, तीन ठिपके पुरतात.