जिनिंगच्या ग्रेडरला मी काय विचारलं

आमचा कापूस दरवर्षी हिंगणघाटच्या बाजारात जातो. लहान असताना बाबांसोबत गाडीवर बसून मीही जायचे. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, गेटवर एक माणूस गाडीवर चढायचा, कोपरापर्यंत हात कापसात घालायचा, आतून मूठभर बाहेर काढायचा, एक सरकी दाताखाली फोडायचा आणि भाव सांगायचा. तो ग्रेडर. त्याच्या त्या आकड्यावर आमचं वर्ष ठरायचं. बी.एस्सी. कृषी पूर्ण झाल्यावर सोबतच्या बहुतेकांनी स्पर्धा परीक्षांचे क्लास लावले. मला मात्र गाडीवर चढून कापसात हात घालणारं ते काम शिकायचं होतं.

पहिला प्रयत्न मी भर नोव्हेंबरात केला. चुलतभावाच्या ओळखीचे एक ग्रेडर होते, त्यांना गेटवरच गाठलं. मागे गाड्यांची रांग, समोर वजनकाटा, आणि मी विचारतेय, "या क्षेत्रात स्कोप आहे का? पगार किती मिळतो? मुलींनी यावं का?" त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. स्कोप आहे. पगार अनुभवावर असतो. या न, काहून नाई? पाच-सात मिनिटांत मी बाहेर आले आणि वहीत लिहायला बसले, तर लिहिण्यासारखं एकही वाक्य नव्हतं.

त्या रात्री बराच वेळ विचार केला. त्यांनी टाळाटाळ केली नव्हती. मीच त्यांना माझं भविष्य विचारलं होतं, आणि ते त्यांना कसं ठाऊक असणार? त्यांना ठाऊक होतं त्यांचं काम. कामाबद्दल मी एक शब्दही विचारला नव्हता.

दुसऱ्यांदा एप्रिलपर्यंत थांबले. आपल्याकडे कापूस दिवाळीच्या आसपास यायला लागतो आणि मार्चपर्यंत जोर ओसरतो. एप्रिलच्या शेवटी जिनिंग चालू असतं, पण गेटवर घाई नसते आणि हाती घेऊन दाखवायला थोडा माल शिल्लक असतो. कामाविषयी विचारायला याहून बरा महिना नाही. आमच्या अडत्याच्या दिवाणजींनी दुसऱ्या एका जिनिंगमधल्या ग्रेडर काकांचा नंबर दिला. चोवीस वर्षं याच कामात असलेला माणूस. मी त्यांना असा मेसेज पाठवला:

"नमस्कार काका. दिवाणजींनी तुमचा नंबर दिला. माझी बी.एस्सी. कृषी झाली आहे आणि ग्रेडरचं काम समजून घ्यायचं आहे. नोकरी मागायला येत नाही. तुमच्या सोयीने 20 मिनिटं भेटता येईल का? दुपारी काम कमी असेल तेव्हा जिनिंगवरच येईन."

'नोकरी मागायला येत नाही' हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. नोकरी तर हवीच होती. पण त्या भेटीत ती मागायची नाही हे ठरवलं होतं आणि ते पाळलंही. समोरच्याला वाटलं की ही शब्द टाकायला सांगणार, तर तो आधीच सावध होतो आणि मग कामाच्या खऱ्या गोष्टी निघत नाहीत. संध्याकाळी काकांचाच फोन आला. "परवा दोन वाजता ये बाई. डबा खाल्ल्यावर."

वहीत सहा प्रश्न होते. पहिला होता, "काका, काल सकाळी आल्यापासून तुम्ही काय काय केलं?"

ते थोडे थांबले आणि मग सांगतच गेले. आदल्या दिवशी अकरा गाड्या आल्या होत्या. त्यातली एक परत पाठवली, तीन गाड्यांचा भाव खाली आणला. एका गाडीत फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा धरलेल्या कापसाचा, माल वेचणीच्या मालात मिसळला होता. दुपारी आत जाऊन ढिगांची जागा बदलून घेतली, कारण चांगला आणि हलका माल एकाच ढिगात गेला की सरकी काढून निघणारी रुई सगळी हलक्याच्या भावात जाते. म्हणजे ग्रेडरचं काम गेटवर संपत नाही, कोणता माल कुठे पडेल हेही तोच पाहतो. पुस्तकात शिकलेल्या कोणत्याही धड्यात हे नव्हतं.

दुसरा प्रश्न विचारायला मी घाबरत होते. "तुमच्या हातून कोणता माल चुकला?" थेट चूक विचारायची म्हणजे आगाऊपणा वाटेल अशी भीती होती, म्हणून जोडून म्हटलं, "मला शिकायचं आहे म्हणून विचारते." काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "सांगतो. मले आजही आठवते ते गाडी."

40 क्विंटलची गाडी होती. वरचा थर कोरडा. मीटर लावलं तर 9 टक्के ओलावा आला आणि त्यांनी सही केली. गाडी रिकामी करताना खालचा कापूस हाताला गार लागला. पहाटे दव पडलेला माल खाली भरून वरून कोरडा टाकलेला होता. खाली 15 टक्क्यांच्या आसपास होता. काकांनी माझ्याच वहीत हिशोब मांडला. सगळ्या गाडीचा ओलावा सरासरी 4 टक्के जास्त धरला, तर 40 क्विंटलमध्ये 1.6 क्विंटल नुसतं पाणी. क्विंटलला 7,000 रुपये भाव धरला तर 11,200 रुपयांचं पाणी कापूस म्हणून विकत घेतलं. त्यावर तो ढीग आतून तापला, रुईवर पिवळी झाक आली, ते नुकसान वेगळंच.

"मग आता कसं ओळखता?" हा प्रश्न वहीत नव्हता, आपसूक आला. काका उठले आणि मला ढिगाकडे घेऊन गेले. वीस मिनिटं तिथेच संपली होती, पण त्यांनी थांबवलं नाही. मीटर हाती दिलं. त्याच्या सुया कापसात खुपसून दाबायच्या असतात. मी हलकं दाबलं तर एक आकडा आला, त्याच जागी त्यांनी जोर देऊन दाबलं तर जास्त आला. म्हणून दाब दरवेळी सारखा हवा, आणि एका गाडीत फक्त एकाच जागी कधीच मोजायचं नाही. कडेला, मध्ये आणि खोल हात जाईल तिथे मोजायचं. मग सरकी दाताखाली दिली. कोरडी सरकी कट्कन फुटते, ओली चेपते. मीटरचा आकडा आणि दाताचा आवाज जुळला नाही, तर पुन्हा आत हात घालायचा.

हे आकडे मला पाठ होते. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे 12 टक्क्यांपर्यंत ओलावा वाढेल तशी कपात, आणि 12 च्या वर माल घेत नाहीत. पण 12 टक्क्यांचा कापूस हाताला कसा लागतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मग धाग्याची लांबी. त्यांनी चिमूटभर रुई घेतली, दोन्ही अंगठ्यांमध्ये ओढून धागे सरळ केले आणि पट्टीवर ठेवले. 29 मिलिमीटर. मला करायला सांगितलं. माझे धागे मधेच तुटले, लांबी 24 भरली. माल तोच, हात वेगळा. नंतर फरदडीची चिमूट दिली, ती त्यांच्या हातातही तुटत होती. कमजोर धागा आणि कच्चा हात यांतला फरक ओळखता येईपर्यंत, ते म्हणाले, एक हंगाम जातो.

तिथेच मी तिसरा प्रश्न काढला. "काका, एचव्हीआय यंत्र लांबी, ताकद, मायक्रोनेअर सगळं सांगते. मग हाताने बघणारा माणूस किती वर्षं लागेल?" हा प्रश्न मी अगदी स्वतःसाठी विचारला होता. त्यांचं उत्तर मला सगळ्यात उपयोगी पडलं. "यंत्र रुई तपासते. गाडीवर कापूस रायते, सरकीसकट. गेटवर पाच मिनिटात सांगा लागते का घ्यायचा का नाई. पण गाठी विकताना मात्र आता रिपोर्टच चालते. म्हणून तू दोन्ही शिक." ज्याला फक्त हात येतो तो गेटवरच राहतो आणि ज्याला रिपोर्ट वाचता येतो त्याला गाठींच्या विक्रीतही बसवतात, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणावरून सांगितलं. त्यांना स्वतःला रिपोर्ट उशिरा वाचता आला, याची खंत त्यांच्या बोलण्यात होती.

चौथा प्रश्न मला शेतकऱ्याची मुलगी म्हणून विचारायचाच होता. "शेतकरी भांडतो तेव्हा काय करता?" बाबा गेटवर गप्प उभे राहायचे ते मी पाहिलेलं आहे. काका म्हणाले, "मीटर त्याच्याच हाती देतो. म्हणतो, दादा, तुम्हीच घाला, तुम्हीच वाचा." सगळीकडे असं होत नाही हे मला माहीत आहे. पण हे काम असंही करता येतं, हे ऐकून माझं मन त्या दिवशी पक्कं झालं.

पैशाचा प्रश्न मी शेवटाकडे ठेवला आणि बदलून विचारला. "पावसाळ्यात तुम्ही काय करता?" पगार किती, असं विचारलं असतं तर एक गोल आकडा मिळाला असता. या प्रश्नातून बारा महिन्यांचा हिशोब बाहेर आला. जिनिंग साधारण सहा महिने चालतं. पावसाळ्यात मशिनरीची दुरुस्ती असते, पण ग्रेडरला तेव्हा पूर्ण पगार मिळेलच असं नाही. नवीन माणूस पहिल्या हंगामात नमुने काढतो, पावत्या लिहितो, भाव ठरवत नाही. काकांच्या घरी चार एकर आहे म्हणून निभलं. माझ्या घरी शेती आहे, पण सहा महिन्यांचं दुसरं काम शोधावं लागेल, हे मला तिथेच कळलं.

नियमांबाबत मी त्यांच्यावर विसंबले नाही. सीसीआयच्या भरतीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते जुनं होतं. घरी येऊन जाहिरात वाचली, तर कनिष्ठ वाणिज्यिक कार्यकारी या पदासाठी बी.एस्सी. कृषी चालते असं दिसलं. अनुभव माणसाला विचारावा आणि पात्रता जाहिरातीत वाचावी, असं मी तेव्हापासून करते.

शेवटचा प्रश्न होता, "आता मी कोणाला भेटू?" त्यांनी सिरकॉट या कापूस तंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेच्या नागपूरमधल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राचं नाव घेतलं आणि तिथे शिकून आता एका प्रयोगशाळेत रुईचे नमुने तपासणाऱ्या एका ताईंना माझ्यासमोर फोन लावला. ही ओळख मी मागितली असती तर मिळाली असती का, सांगता येत नाही. दीड तास कापसात बसल्यावर ती त्यांनी आपण होऊन दिली.

त्याच रात्री त्यांना आभाराचा मेसेज केला, त्यात मीटरच्या दाबाची गोष्ट लिहिली. तीन आठवड्यांनी दुसरा पाठवला. घरच्या कापसातून चाळीस चिमटी ओढल्या होत्या, आता धागे 27 पर्यंत सरळ राहतात, सोबत पट्टीवरचा फोटो. त्यांचं उत्तर आलं, "अंगठा अजून मागे धर."

येत्या सोमवारी नागपूरला त्या ताईंकडे जाणार आहे. त्यांच्यासाठीचा पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे: हाताने चांगला वाटलेला कोणता नमुना मागच्या आठवड्यात यंत्राच्या तपासणीत कमी पडला, आणि का?