येतो की येते

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात तासगावच्या आत्याचा मेसेज आला. आईचा हात मोडल्याचं तिला सकाळीच कळवलं होतं. उत्तर दोन वाक्यांचं: 'मी उद्या येते. काळजी घ्या.'

माझी झोप उडाली. आत्या असं बोलत नाही.

आमच्या सांगलीकडं बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. लहानपणी आत्या माहेरपण संपवून निघाली की पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून म्हणायची, "येतो गं वहिनी." एकदा पुण्याच्या काकू आल्या होत्या, त्या हसल्या. बाईमाणसानं 'येते' म्हणावं, म्हणाल्या. आत्यानं पदर खोचला. "जातो म्हटलं न्हाई न्हवं? मग झालं." एसटी पकडायला निघून गेली. काकूंचं हसू बराच वेळ तसंच राहिलं होतं चेहऱ्यावर.

तर 'येते' हा शब्द फोनचा. त्याबद्दल माझी खात्री होती. आत्याची बोटं शेतकामानं राठ झालेली, अक्षरं वेचण्यापेक्षा कीबोर्डच्या वरच्या पट्टीत येणाऱ्या तीन शब्दांपैकी एक दाबणं तिला सोपं. पट्टीला आत्या ठाऊक नाही. 'मी उद्या' नंतर लोक सहसा काय लिहितात, एवढंच तिला ठाऊक.

आणि 'घ्या'? माझं नाक जिनं पुसलं त्या बाईनं मला 'घ्या' म्हणावं? तेही पट्टीचंच, असं मी ठरवून टाकलं. तयार उत्तरांना नातं कळत नाही. २०१५ साली गुगलनं ईमेलसाठी तयार उत्तरं आणली, तेव्हा चाचणीत ती यंत्रणा कुठल्याही पत्राला 'आय लव्ह यू' सुचवायची, असं त्यांनीच सांगितलं होतं. का, तर ते वाक्य लोक फार वेळा लिहितात आणि कशालाही चालतं. 'काळजी घ्या'चंही तसंच की.

ही हुंगण्याची खोड मला जुनी आहे. पुण्याच्या भाच्यानं 'मामा, भजन पाठव' लिहिलं, तेव्हा त्याला भडंग हवंय हे मी ओळखलं होतं. बोट घसरलं तर शब्द मोडका येतो, 'भडग' किंवा 'भंडग'. पट्टी घसरली की शब्द धडधाकट येतो, फक्त भलताच. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ वर्षानुवर्षं 'बर्याच' लिहायचे. एके दिवशी 'बऱ्याच' आलं, 'र'ची ती वळणदार रेघ नीट घेऊन. शुद्धलेखन काही रात्रीत सुधारत नाही हो.

पण मग मी माझ्या फोनवर 'मी उद्या' टाइप केलं. पट्टीत आलं 'बघतो'. ते दाबलं, तर 'सांगतो'. मग 'नक्की'. गेली चार वर्षं मी लोकांना जे टोलवत आलोय ते सगळं तिथं ओळीनं उभं. पट्टी आपल्याकडूनच शिकते, त्यामुळे तिचा शब्द आणि माझा शब्द यात फट राहत नाही. मग आत्याचा फोन इतक्या वर्षांत 'येतो' कसा शिकला नाही? इथं मी जरा अडलो.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. पिशवीत द्राक्षं, बेदाणे, आईसाठी कसलंसं तेल. मी फोन मागितला. नवाकोरा होता, जुना विहिरीवर पाण्यात पडला होता, आणि त्यानं शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं होतं. 'मी उद्या' टाइप केलं. पट्टीत 'येते' मधोमध बसलेलं.

"हे तू लिहिलंस?" मी विचारलं.

"दाबलं. बराबर हाय न्हवं?"

मला कोण आनंद झाला. मग विजयी सुरात म्हटलं, "आणि 'घ्या'ही त्यातलंच ना? मला 'घ्या' म्हणतेस का कधी?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "तुला एकट्याला कशाला लिवू? तुझी आई, तू, सूनबाई, पोरं. समद्यास्नी लिवलं. एकेक अक्षर हुडकून लिवलं, चष्मा बी न्हवता."

मी काही बोललो नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२३ साली एक अभ्यास आला होता. समोरचा तयार उत्तरं वापरतोय असा संशय आला की माणसं त्याला कमी आपुलकीचा समजतात, मग त्यानं ती वापरलेली असोत वा नसोत. तो वाचताना मी मान डोलावली होती.

आत्या आत गेली होती. आईच्या हाताला तेल लावू की नको, प्लास्टरवरून कसं लावायचं, यावर दोघींचं वाजलं होतं.