आमची वाटचाल : गळके पाऊच आणि वसईला गेलेलं पत्र

कराडात आमचा मसाला सुरू झाला तो साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. आई भाजायची, डंकावरून कुटून आणायचं, पिशवीवर स्टिकर चिकटवायचा आणि ओळखीच्या दुकानात ठेवायचा. पुढे भाऊ फिरतीला लागला, वहिनीने पॅकिंग हातात घेतलं आणि दुकानदारच म्हणायला लागले की जरा उभं राहणारं पाकीट करा, शेल्फवर दिसत नाही. मग आम्ही छापील, झिपवाल्या, बुडाशी घडी असलेल्या पाऊचवर आलो. या टप्प्यावर धंद्याचं स्वरूपच बदलतं. मिरची वाईट आली तर आपण डोळ्यांनी ओळखतो, नाकाने ओळखतो. पाऊच वाईट आला तर ते ओळखायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते ज्या खेपेला शिकलो, त्याबद्दल लिहितोय.

कांदा-लसूण मसाल्याचा हंगाम उन्हाळ्याचा. त्यासाठी 11 मार्चला वसईच्या एका पुरवठादाराकडे 250 ग्रॅमच्या 20,000 पाऊचची ऑर्डर दिली होती. दर 4 रुपये 80 पैसे, 18 टक्के जीएसटी धरून बिल 1,13,280 रुपयांचं, पैसे द्यायची मुदत 30 दिवसांची. माल 3 एप्रिलला आला, 20 खोकी, प्रत्येकात हजार. आठवडाभरात पाटणच्या एका दुकानदाराचा फोन आला की तुमचा खोका खालून तेलकट झालाय. कांदा-लसूण मसाल्याला तेल असतंच, त्यामुळे जिथे बारीक फट असेल तिथून ते वाट काढतं. कोरडी हळद असती तर महिनाभर कुणाला पत्ताही लागला नसता.

वहिनीने गोदामातले भरलेले पाऊच उलटे करून बघितले. तेल झिरपत होतं ते वरच्या सीलमधून नव्हे, तर बुडाच्या कोपऱ्यातून. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं राहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तयार पाऊचला सीलं दोघांची असतात. दोन्ही बाजूंची आणि बुडाच्या घडीची सीलं पुरवठादाराच्या मशीनवर होतात, वरचं तोंड तेवढं आपण भरून झाल्यावर बँड सीलरवर बंद करतो. वरून गळलं तर दोष आपलाही असू शकतो, कारण सीलर कमी-जास्त तापलेला असतो, नाहीतर सीलच्या जागी मसाल्याची पूड अडकलेली असते. बुडाच्या कोपऱ्याला मात्र आपला हातच लागत नाही. तिथे घडीचे चार थर संपून दोन थर सुरू होतात, आणि उष्णता किंवा दाब कमी पडला की पहिली फट पडते ती नेमकी त्या सांध्यात. आमच्या पाऊचचा तो कोपरा नखाने उचलला की थर सरळ सुटत होते. चांगल्या पाऊचला तेच केलं तर सील सुटत नाही, फिल्म फाटते.

पहिला फोन भावाने पुरवठादाराला केला. शेठ माणूस चांगला, पण उत्तर ठरलेलं होतं : “आमच्याकडून चेक होऊनच माल निघतो, तुमचा सीलर जास्त तापत असेल, नाहीतर मसाला फार तेलकट असेल.” फोनवर याच्यापुढे गाडी जात नाही. म्हणून भावाला म्हटलं, आता फोन बंद, आधी पुरावा जमवू.

मसाल्याचं आणि सीलरचं नाव निघू नये म्हणून चाचणी रिकाम्या पाऊचवर केली. पाऊच उघडून त्यात हवा भरायची, तोंड सीलरवर बंद करायचं आणि बादलीतल्या पाण्यात बुडवून हाताने दाबायचं. बुडबुडे कुठून निघतात ते स्पष्ट दिसतं. प्रत्येक खोक्यात शंभराचे दहा गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्यातून एक, म्हणजे खोक्यामागे दहा, असे 200 पाऊच तपासले. 31 गळले. सगळेच्या सगळे बुडाच्या कोपऱ्यातून, आणि सगळे 9 ते 16 नंबरच्या खोक्यांतले. बाकीच्या 12 खोक्यांतल्या 120 पाऊचमधून एकही बुडबुडा आला नाही. खोक्यांमध्ये पुरवठादाराचीच चिठ्ठी असते, तीवर तारीख, पाळी आणि मशीन नंबर. 9 ते 16 या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता : 28 मार्च, रात्रपाळी, मशीन 2. बाकीच्यांवर दिवसपाळी. एवढं जुळल्यावर आमच्या सीलरचा विषयच उरला नाही. आमच्या सीलरला वसईतली पाळी कशी कळणार?

व्हिडिओ काढतानाही एक काळजी घेतली. आधी खोक्याचा नंबर आणि चिठ्ठी, मग त्याच खोक्यातून पाऊच काढणं, सील करणं, पाण्यात धरणं, हे सगळं एका दमात, मध्ये कुठेही न तोडता. नुसते बुडबुड्यांचे फोटो पाठवले तर समोरचा विचारू शकतो की हा पाऊच आमच्या याच मालातला कशावरून. आणि 9 ते 16 ही खोकी पट्टी मारून बाजूला ठेवली, त्यांतला एकही पाऊच नंतर भरला नाही. ते भरत राहिलो असतो तर माल स्वीकारला असाच त्याचा अर्थ झाला असता. 1930च्या मालविक्री कायद्यातही तसंच आहे : वाजवी वेळेत नाकारल्याचं कळवलं नाही, किंवा आपलाच समजून वापरत राहिलात, तर माल स्वीकारलात असं धरतात.

घाई करायला दुसरंही कारण होतं. पुरवठादाराच्या बिलावर उद्यम नंबर छापलेला होता आणि तोही आमच्यासारखा लघुउद्योजक. 2006च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत कितीही लिहिलेली असली तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली असेल, तर स्वीकाराची तारीख ती हरकत दूर होईल तेव्हाची धरतात. हरकत घेतली नाही तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं मानलं जातं. ‘लेखी’ हा शब्द कायद्यातच आहे, त्यामुळे भावाचा फोन इथे कामाचा नव्हता. आमची मुदत 18 एप्रिलपर्यंत होती, पत्र 12 तारखेला ईमेलने गेलं आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं. शेठना मराठी वाचता येतं, म्हणून मराठीतच लिहिलं. नावं आणि नंबर गाळून मुख्य मजकूर असा :

“आमची 11 मार्चची ऑर्डर, आपले बिल, 250 ग्रॅम कांदा-लसूण मसाला पाऊच, 20,000 नग, माल मिळाल्याची तारीख 3 एप्रिल. यापैकी खोका क्र. 9 ते 16 मधील 8,000 नग (आपली चिठ्ठी : 28 मार्च, रात्रपाळी, मशीन 2) बुडाच्या कोपऱ्यातील सील सुटत असल्याने आम्ही नाकारत आहोत. तपासलेल्या 80 नगांपैकी 31 गळले. उरलेल्या 12 खोक्यांतील 120 नगांत दोष आढळला नाही व ती खोकी आम्ही स्वीकारली आहेत. व्हिडिओ, चिठ्ठ्यांचे फोटो व खोकानिहाय तक्ता सोबत जोडला आहे. गळके 10 नग वेगळ्या पाकिटातून कुरिअरने पाठवत आहोत.

आमची मागणी : 8,000 नग 25 एप्रिलपर्यंत बदलून मिळावेत, जाण्यायेण्याचे भाडे आपल्याकडे. ते शक्य नसल्यास 16 एप्रिलपर्यंत तसे कळवावे व 8,000 नगांची 45,312 रुपयांची क्रेडिट नोट द्यावी, म्हणजे आम्ही दुसरी सोय करू. स्वीकारलेल्या 12,000 नगांचे 67,968 रुपये ठरल्या तारखेला जमा होतील.”

पत्रात काय घातलं नाही, तेही सांगतो. बाजारातून परत आलेला मसाला आम्ही फेकून दिला, त्याचं नुकसान आमचंच. ते मागायची भावाची फार इच्छा होती, पण बिलाच्या मागे छापलेलं असतं की जबाबदारी पाऊचच्या किमतीपुरतीच. त्यावर वाद घालत बसलो असतो तर हंगाम निघून गेला असता. आणि सगळे 20,000 नाकारा असं सुचवणारेही भेटले, म्हणजे म्हणे शेठ घाबरेल. मला ते पटलं नाही. 12 खोकी चांगली आहेत असं आपणच लिहून दिलं, की उरलेली 8 वाईट आहेत यावर समोरचा विश्वास ठेवतो. पूर्ण बिल अडकवून ठेवण्यापेक्षा चांगल्या मालाचे पैसे वेळेवर देण्याचा परिणामही जास्त होतो, हे मी त्या आठवड्यात बघितलं.

शेठचा फोन तिसऱ्या दिवशी आला. नमुने त्यांनी आपल्या मशीनवाल्याला दाखवले होते. त्या रात्री बुडाच्या सीलबारचा हीटर मध्येच गेला होता, पॅनेलवर आकडा बरोबर दिसत होता पण बार थंड पडत होता. दोष मान्य, पण नवीन छपाईला 20-25 दिवस लागतील, असं त्यांचं म्हणणं. इथे वहिनीने बरोबर प्रश्न विचारला : दोष पाऊच बनवताना झाला, छपाईत नाही, मग आमचा छापलेला रोल शिल्लक असेल ना? पाऊचच्या धंद्यात छपाई आणि लॅमिनेशन आधी होतं, रोल काही दिवस पक्का व्हायला ठेवतात आणि पाऊच शेवटी कापतात. घट धरून थोडं जास्तच छापलेलं असतं. शिवाय आमचीच दुसरी ऑर्डर जूनसाठी त्यांच्याकडे छापून पडलेली होती. त्या रोलमधून पाऊच कापून द्यायचं ठरलं. 24 एप्रिलला 7,850 आले, 150 कमी भरले, त्यांची क्रेडिट नोट आली.

गळक्या 8 खोक्यांचं काय करायचं, हा शेवटचा मुद्दा. कायद्याने नाकारलेला माल परत नेऊन देणं खरेदीदारावर बंधनकारक नाही, तसं कळवलं की पुरे. पण आमच्या नावाचे छापील पाऊच भंगारात अख्खे जाऊ द्यायचे नव्हते. उद्या त्यात कुणी भलताच मसाला भरून आठवडी बाजारात विकला तर? म्हणून प्रत्येक गठ्ठ्याचा छापील कोपरा पेपर कटरवर कापला, खोक्यासकट वजन करून चलान केलं आणि बदली माल घेऊन आलेल्या गाडीतच परत पाठवलं.

शेठकडूनच आम्ही आजही पाऊच घेतो. ऑर्डरच्या कागदावर आता तीन ओळी वाढल्यात : प्रत्येक खोक्यावर पाळी आणि मशीन नंबर असलाच पाहिजे, सीलचा दोष निघाल्यास 15 दिवसांत बदली माल, आणि नाकारलेला माल कोपरा कापूनच परत जाईल. गाडी आली की वहिनी आधी चिठ्ठ्या वाचते, प्रत्येक पाळीचा एक गठ्ठा वेगळा काढते आणि बादली भरायला सांगते. रात्रपाळीचा असेल तर दोन गठ्ठे.