उधारी बंद, माल चालू

"जुनं गिऱ्हाईक आहे, माणूसही चांगला आहे. मग त्याची उधारी बंद करून आगाऊ पैसे कसे मागता? मागचे पैसे तसेच ठेवून तो दुसऱ्याकडे गेला तर?"

जातो, कधी कधी जातोच. पण आगाऊ पैशांचं नाव काढताच जो निघून जातो, तो उधारी चालू ठेवली असती तरी जाणारच होता. फक्त तेव्हा बाकी आणखी मोठी असती. ही भीती मनात धरून जे घाऊक व्यापारी माल देत राहतात, त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण ते जुने पैसे वाचवण्यासाठी रोज नवे पैसे धोक्यात घालत असतात.

माणूस चांगला की वाईट, यावर मी उधारी ठरवत नाही. मी बघतो बाकीचं वय. खात्यावरचा एकूण आकडा फसवा असतो, आणि सगळ्यात जास्त फसवतो तो न हलणारा आकडा. हिशेब सोपा व्हावा म्हणून माझ्याकडून माल घेणाऱ्या एका दुकानदाराची बाकी 100 धरू. मुदत 30 दिवसांची. पूर्वी तो महिन्याला 50 चा माल उचलायचा, म्हणजे त्याच्याकडे साधारण दोन महिन्यांचं येणं होतं. पुढे त्याची खरेदी आठवड्याला 8, म्हणजे महिन्याला 32 वर आली. बाकी मात्र 100 च राहिली. वसुलीला जाणारा माणूस म्हणतो, "पार्टी पैसे देतेय", आणि ते खरंही असतं. पण आता त्या 100 मध्ये मुदतीतले जेमतेम 32 आहेत आणि 68 मुदत उलटून गेलेले आहेत. आकडा तिथेच थांबला आणि आतलं येणं म्हातारं झालं.

हे दिसायचं तर जमा झालेली प्रत्येक रक्कम कोणत्या बिलापोटी आली ते लिहावं लागतं. दुकानदार 'खात्यावर जमा' म्हणून गोल रकमा पाठवायला लागला, की कोणतं बिल फिटलं आणि कोणतं लटकलं ते कळेनासं होतं. आणखीही खुणा असतात. ऑर्डर लहान होते पण वारंवार येते. फक्त पटकन खपणारा माल मागवला जातो. मालाची तक्रार माल उतरवताना येत नाही, पैसे मागितल्यावर येते. यातल्या एकट्या खुणेवरून मी काही ठरवत नाही, पण येणं म्हातारं होत असताना याही दिसल्या की मी थांबत नाही.

घाऊक धंद्यात नफा किती बारीक असतो, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. शंभरामागे 5 सुटत असतील, तर बुडालेले 100 भरून काढायला 2000 चा माल विकावा लागतो. तोही सगळा वेळेवर वसूल झाला तरच.

मग माल सरळ बंदच का करत नाही? कारण रिकाम्या फळ्यांच्या दुकानातून कोणाचेच पैसे निघत नाहीत. माल थांबवला की तो दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातो आणि जो माल देतोय त्याचे पैसे आधी चुकते करतो. आपलं बिल सगळ्यात खाली जातं. आगाऊ पैसे घेऊन माल देत राहिलं तर दुकान चालतं, आपली ये-जा चालू राहते आणि नवी बाकी मात्र एका पैशानेही वाढत नाही. म्हणून मी उधारी बंद करतो, माल नाही.

हे सांगायच्या आधी करायचं एक काम आहे, आणि ते नेमकं घाईत राहून जातं. दोघांच्या वह्या जुळवायच्या. वर सांगितलेल्या दुकानदाराबरोबर मी खातेउतारा घेऊन बसलो, तेव्हा माझ्या वहीत बाकी 103 होती आणि त्याच्या वहीत 98. फरक कुठून आला ते बिलागणिक शोधलं. एक परतीची खेप माझ्या गोदामात उतरली होती, पण तिची क्रेडिट नोट निघाली नव्हती. ते 3 माझ्याकडून कमी झाले. एका बिलातला 2 चा माल त्याने कमी आला म्हणून परस्पर कापून घेतला होता, पण पावतीवर पूर्ण माल मिळाल्याची त्याचीच सही होती. ते 2 त्याच्याकडे वाढले. दोन्ही वह्या 100 वर आल्या आणि त्या आकड्याखाली त्याने तारखेसह सही केली. उधारी आधी बंद केली असती तर याच 5 वरून भांडण सुरू झालं असतं आणि उरलेले 98 त्या भांडणाच्या आड लपले असते. शिवाय प्रकरण कधी कायद्याच्या दारात गेलंच, तर सही केलेली बाकी हा फार मोठा आधार असतो.

त्याच बैठकीत मी सांगितलं, "शेठ, पुढच्या एक तारखेपासून माल आगाऊ पैशांवर. त्याआधी कबूल केलेल्या ऑर्डरी ठरल्याप्रमाणे उधारीवरच येतील." कबूल केलेली ऑर्डर मी अडवत नाही. ऐन गाडी भरायच्या वेळी अट बदलली, की पुढच्या कोणत्याच अटीवर समोरच्याचा विश्वास राहत नाही. हे बोलणं मालकाने मालकाशी करायचं, सेल्समनच्या तोंडून पाठवायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते लेखी पोचवायचं. बाजारात दुसऱ्या कोणापाशी त्याचा उल्लेखसुद्धा करायचा नाही. त्याची पत गेली तर आपलंच येणं बुडतं.

आता सगळ्यात नाजूक जागा. दुकानदार नव्या मालासाठी आगाऊ पैसे पाठवतो, आणि घाऊक व्यापाऱ्याला मोह होतो की हे पैसे जुन्या बाकीत वळते करून घ्यावेत. मी अशी उदाहरणं पाहिली आहेत. पैसे आले, जुन्या बिलांत जमा झाले आणि मालाची गाडी निघालीच नाही. व्यापाऱ्याला वाटतं वसुली झाली. पण त्या दुकानदाराकडून त्यानंतर एक रुपया येत नाही, कारण आगाऊ पाठवलेले पैसे गिळले जातात हे त्याला कळलेलं असतं. पैसे कशापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितलेलं असेल, तर ते परस्पर फिरवणं सहसा कायद्यातही टिकत नाही. म्हणून मी दोन खाती उघडतो. जुनं खातं गोठवलेलं, त्यात फक्त हप्ते जमा होतात. नवं खातं आगाऊ पैशांचं, त्यात आलेल्या रकमेचा माल जायलाच हवा. पत्रात हे स्पष्ट शब्दांत लिहितो, आणि मला वाटतं त्या पत्रातलं हेच वाक्य दुकानदाराला टिकवून धरतं.

दुसरी गोष्ट भावाची. उधारीच्या भावात पैसे अडकण्याचा खर्च धरलेला असतो. आगाऊ पैसे देणाऱ्याला तोच भाव लावणं अन्याय आहे. त्याला रोखीचा भाव मिळालाच पाहिजे. यात मी घासाघीस करत नाही.

हप्ता किती ठेवायचा, इथे पुष्कळ जण उत्साहात चुकतात. "प्रत्येक ऑर्डरवर 10 टक्के जास्त भरा, ते जुन्यात जमा करू" हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या दुकानदाराला शंभरामागे 10 च सुटत असतील, तर आपण त्याची सगळी कमाई मागतोय. भाडं आणि पगार तो कशातून देणार? दोन-तीन ऑर्डरी तो निभावतो आणि मग गप्प होतो. आम्ही वेगळं ठरवलं. आधी त्याच्या दुकानात पडून असलेला, पण माझ्याकडे अजून खपू शकणारा 22 चा माल मी परत घेतला. बाकी 78 राहिली. मग प्रत्येक ऑर्डरवर 5 टक्के आणि शिवाय महिन्याला 4 चा ठरलेला हप्ता, जो तो त्याच्या गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या जुन्या वसुलीतून भरणार होता. आठवड्याला 8 ची ऑर्डर धरली तर 5 टक्क्यांचे महिन्याला 1.6 होतात. दोन्ही मिळून 5.6, म्हणजे 14 महिन्यांत खातं साफ.

प्रत्यक्षात 16 महिने लागले. आगाऊ पैसे जमवताना त्याची ऑर्डर आठवड्याला 5 वर आली, त्यामुळे टक्क्यांतून महिन्याला 1 च मिळू लागला. ऑर्डर घटणार हे गृहीतच धरायला हवं. उधारीवर उचललेला माल आणि स्वतःच्या पैशांनी उचललेला माल कधीच सारखा नसतो, आणि घटलेली ऑर्डर हीच त्या दुकानाची खरी ताकद असते.

हे सगळं कोलमडतं ते गोदामाच्या दारात. आगाऊ म्हणजे पैसे खात्यात दिसल्यावर गाडी भरायची. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे उधारीच. पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा फोटो म्हणजे खात्यात आलेले पैसे नव्हेत. "गाडी लावा, संध्याकाळी टाकतो" याला होकार दिला की उधारी त्याच दिवशी परत सुरू झाली. म्हणून बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या पार्टीची उधारीची मर्यादा शून्य करून ठेवायची, म्हणजे पैसे जमा झाल्याशिवाय बिलच निघत नाही. आणि सेल्समनचं कमिशन विक्रीवर असेल तर तो आडवाट शोधणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. अशा पार्टीपुरतं तरी कमिशन वसुलीवर ठेवावं.

हप्ता चुकला तर? मी आगाऊ पैशांचा माल थांबवत नाही, कारण त्यात माझा धोका नाही. पण दुसऱ्यांदा चुकला की समोर बसून विचारतो, आणि तिसऱ्यांदा चुकला की सही केलेली बाकी घेऊन वकिलाकडून नोटीस पाठवतो. हा क्रम त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेला असतो.

त्या दुकानदाराचं जुनं खातं साफ झालं तेव्हा त्याने पुन्हा उधारी मागितली. मी दिली, पण पूर्वीसारखी नाही. बिल टू बिल, म्हणजे एका वेळी एकच बिल बाकी, ते फिटल्याशिवाय दुसरा माल नाही, आणि मर्यादा त्याच्या आठवड्याच्या ऑर्डरीएवढी, 5 ची. काही महिन्यांनी ती वाढवू का, असं मीच विचारलं. तो म्हणाला, "नको शेठ, रोखीचा भाव परवडतो." आता त्याच्या निम्म्या ऑर्डरी आगाऊ पैशांवरच येतात.